रात्रीचा नकार आणि परतीची वाट

कामाच्या ठिकाणी रात्र होते, घरी जायची वेळ येते आणि सोबत काम करणारा एखादा पुरुष सहकारी म्हणतो, "चला, सोडतो घरी." बाई म्हणते, "नको." यानंतर दोन-तीन मिनिटे जे बोलणे होते ते इतके नित्याचे आहे की त्याची नोंद कोणी घेत नाही. कामगार चळवळीने पगार, बोनस, पाळ्या आणि रजा यांवर टिपणे लिहिली, पण या दोन-तीन मिनिटांवर लिहिण्यासारखे काही आहे असे तिला फारसे वाटले नाही. वस्तुतः रात्रपाळीचा आणि जादा कामाचा प्रश्न स्त्रीच्या बाजूने पाहू गेल्यास तो याच ठिकाणी येऊन थांबतो. सभ्यपणे, तरीही ठामपणे नकार द्यायचा कसा, आणि दिलेला नकार टिकतो कशावर, या दोन गोष्टी म्हणूनच नीट समजून घेतल्या पाहिजेत.

हा प्रश्न खडकीसारख्या ठिकाणी अधिक स्पष्ट दिसतो. दारूगोळा कारखाना येथे १८६९ पासून आहे. लष्करी कार्यशाळा, कटक मंडळाची वस्ती, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याकाठची खासगी कारखानदारी आणि तिच्या आधाराने वाढलेली लहानमोठी कार्यालये असा हा परिसर आहे. दिवसा गजबजलेला रस्ता रात्री दहानंतर लांबलचक कुंपणभिंतींचा रस्ता होतो. बाजार सोडला की दुकानाचा उजेड नाही आणि दुकानच नाही म्हणून माणूसही नाही. पुणे-लोणावळा लोकल आहे, बस आहे, २०२५ साली खडकीचे मेट्रो स्थानकही सुरू झाले. परंतु यांतील प्रत्येक सोयीला शेवटची एक वेळ असते. ती वेळ टळली की उरते रिक्षा, किंवा सहकाऱ्याची मोटारसायकल.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. मार्चअखेरीस असे प्रसंग अनेक कार्यालयांत घडतात. खडकीतील एका खासगी आस्थापनेत हिशेब विभागात काम करणारी एक स्त्री आहे. महिना अठरा हजार पगार. घर पिंपरीच्या बाजूला, सुमारे आठ किलोमीटरवर. वर्षअखेरीचे हिशेब जुळवण्यासाठी तिला सलग काही दिवस रात्री पावणेअकरापर्यंत थांबावे लागते. तिच्याच विभागातील एक ज्येष्ठ सहकारी त्याच दिशेला राहतो. माणूस सालस आहे, त्याच्याविषयी कोणाची तक्रार नाही. तो म्हणतो, "मॅडम, चला, माझी गाडी आहे." तिला त्याच्यासोबत जायचे नाही. कारण काहीही असेल. तो दिवसभर काम करून थकलेला आहे आणि अंधारात गाडी चालवणार आहे, हे कारण असेल. चाळीत उतरताना कोण काय म्हणेल, हे असेल. आज गाडीवर बसले की उद्या त्याचे काम आपल्या टेबलावर येते, हा अनुभव असेल. किंवा केवळ आठ किलोमीटर कोणाशी बोलण्याची इच्छा नाही, एवढेच असेल. यांतील प्रत्येक कारण पुरेसे आहे आणि यांतील एकही सांगण्याचे तिच्यावर बंधन नाही.

ती काय म्हणते? बहुधा ती म्हणते, "नको सर, तुम्हाला कशाला उगाच त्रास." येथेच नकार सुटू लागतो, आणि त्याचे मूळ मराठी माणसाच्या आग्रहाच्या चालीरीतीत आहे. आपल्याकडे पाहुण्याने चहाला पहिल्यांदा "नको" म्हणायचे असते आणि यजमानाने ते मनावर घ्यायचे नसते. पानावर वाढताना "पुरे" म्हटले तरी आणखी एक पोळी पडते. पहिला "नको" हा संकोच समजला जातो, दुसरा शिष्टाचार, आणि तिसऱ्यापर्यंत आग्रह केला नाही तर यजमानच कमी पडला असे मानतात. ताटाच्या बाबतीत ही रीत गोड असेल. पण तीच रीत रात्री पावणेअकराला कार्यालयाच्या फाटकाशी आली की बाईचा "नको" आपोआप संकोचाच्या खात्यात जमा होतो, आणि आग्रह करणारा पुरुष स्वतःला सौजन्यमूर्ती समजत राहतो.

"तुम्हाला त्रास" या शब्दांत दुसरीही एक अडचण आहे. त्रास हे कारण झाले, आणि कारण दिले की ते दूर करण्याची संधी समोरच्याला मिळते. "त्रास कसला, वाटेवरच तर आहे." मग ती म्हणते, "मला वाटेत थोडे औषध घ्यायचे आहे." तो म्हणतो, "घेऊ की, मी थांबतो." ती म्हणते, "माझ्याकडे हेल्मेट नाही." तो म्हणतो, "दुसरे आहे." प्रत्येक कारणागणिक तिची एक बाजू पडत जाते. शेवटी कारणे संपतात आणि तिला गाडीवर बसावे लागते, किंवा अकस्मात तुटक बोलावे लागते. तुटक बोलली की उद्धट ठरते. बारकाईने पाहिले तर या सगळ्या संभाषणात "मला यायचे नाही" हे वाक्य कोठेच आलेले नसते. चर्चा झाली ती अडचणींची. तिची इच्छा चर्चेत आलीच नाही.

यावर सोपा उपदेश असा केला जातो की बायकांनी स्पष्ट "नाही" म्हणायला शिकावे. तो अपुरा आहे. सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या दोन इंग्रज अभ्यासक स्त्रियांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात या उपदेशाची चिकित्सा केली. नेहमीच्या व्यवहारात माणसे नकार देताना "नाही" हा शब्द क्वचितच वापरतात, असे त्यांनी दाखवले. किंचित थांबतात, "आवडले असते, पण" असे काही म्हणतात, एखादे कारण सांगतात. आणि ऐकणारा तेवढ्यावरून नकार अचूक ओळखतो. लग्नाचे आमंत्रण असो की उसने पैसे असोत, समोरचा जरा थबकला की मागणाऱ्याला उत्तर कळते. तेव्हा "तिने स्पष्ट सांगितले नाही म्हणून मला समजले नाही" ही सबब फारशी टिकत नाही. समजलेले असते. आग्रहाची रीत हाताशी असते, म्हणून न समजल्याचे दाखवता येते एवढेच. ठाम शब्द वापरायचे ते यासाठी की समोरच्याला ही आड घ्यायला जागा उरू नये. समजून घेण्याची जबाबदारी मात्र ऐकणाऱ्याचीच राहते.

मग शब्द कोणते? अनुभवी स्त्रिया जे करतात त्याची फोड केली तर चार गोष्टी दिसतात. पहिली, नकार प्रसंगाच्या आधी येतो. सात-साडेसातला, चार माणसे टेबलाशी असताना, ती सहज सांगून ठेवते, "आज उशीर होणार, मी रिक्षाने जाणार आहे." रात्री पावणेअकराला फाटकाशी विचारणा झाली तर तिला काही नवे सांगायचे नसते, आधी सांगितलेलेच पुन्हा सांगायचे असते. दुसरी, वाक्य आपल्या निर्णयाचे असते. "तुम्हाला त्रास" यात कर्ता तो आहे. "मी रिक्षाने जाणार आहे" यात कर्ता ती आहे. तिसरी, आभार मानले जातात, पण ते नकाराच्या आधी आणि एकदाच. "विचारलंत, बरं वाटलं सर. मी रिक्षाने जाणार आहे." नकारानंतर पुन्हा पुन्हा आभार मानू लागले की ते क्षमायाचनेसारखे ऐकू येते आणि आग्रहाला नवा धागा मिळतो. चौथी, पुन्हा विचारले तर तेच वाक्य, त्याच आवाजात. "अहो, वाटेवरच आहे." "हो सर, पण मी रिक्षानेच जाणार आहे." शब्द बदलले नाहीत की वाटाघाट सुरूच होत नाही. आणि हे बोलताना ती फाटकाकडे चालू लागलेली असते. उभे राहून बोलणे म्हणजे अजून काही ठरायचे आहे असा अर्थ निघतो.

या ठिकाणी दोन सवयींबद्दल सावध केले पाहिजे. त्यांतील एक म्हणजे सोयीचे खोटे. "भाऊ न्यायला येतो आहे" असे सांगून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. जिवावरचा प्रसंग असेल तर खोटे बोलण्यात काही गैर नाही. परंतु सालस सहकाऱ्याच्या बाबतीत ते अंगाशी येते. तो सौजन्याने म्हणतो, "मग भाऊ येईपर्यंत थांबतो, एकट्या कशा उभ्या राहाल?" आता न येणाऱ्या भावाची वाट पाहत दोघे उभी राहतात, शेवटची बस निघून जाते आणि खोटेही उघडे पडते. शिवाय या सबबीत एक कबुली दडलेली आहे. एका पुरुषाला नकार द्यायला दुसऱ्या पुरुषाचा हवाला लागतो, स्वतःचा निर्णय पुरत नाही, असे ती न बोलता मान्य करते.

दुसरी सवय नात्याच्या शब्दांची आहे. आपल्या बायका परपुरुषाला "दादा", "भाऊ", "काका" म्हणतात आणि त्या एका शब्दाने मर्यादा आखून घेतात. रिक्षावाल्याशी, दुकानदाराशी हे बरेचसे चालते. पण नाते दोन्ही बाजूंनी लागू होते. "दादा, नको" म्हटले की दादाला हक्क मिळतो: "दादा म्हणतेस आणि दादाच्या गाडीवर बसायला हरकत?" भावाच्या नात्यात संरक्षणाचा अधिकार येतो आणि संरक्षणाच्या अधिकारात आज्ञा येते. म्हणून कार्यालयातील नकारापुरते "सर", "साहेब" किंवा आडनावापुढे "राव" अशी कामाच्या नात्याची हाक बरी. ती आदर ठेवते आणि घरात शिरत नाही.

नकार दिल्यावर काय घडते यावरून माणूस ओळखता येतो. विचारण्यापूर्वी तो ओळखणे कठीण असते, कारण बहुसंख्य सहकारी चांगल्या भावनेनेच विचारतात. चांगला माणूस दुसऱ्या वेळेस थांबतो. "बरं, रिक्षा मिळेपर्यंत फाटकाशी थांबू का?" एवढे विचारतो, त्यालाही नको म्हटले तर निघतो. ज्याच्याविषयी सावध राहावे, तो प्रश्नच बदलतो. "माझ्यावर विश्वास नाही का?" गोष्ट होती वाहनाची, त्याने केली चारित्र्याची, आणि आता ती गाडीवर बसली नाही तर त्याचा अपमान झाला असे ठरणार. याला उत्तर एकच आहे आणि ते लांबवू नये: "विश्वासाचा प्रश्नच नाही सर. मी रिक्षाने जाते आहे." विश्वास असल्याचे पुरावे देऊ लागले की त्याने मांडलेला प्रश्न मान्य केल्यासारखे होते. याच्या पुढच्या खुणा अधिक उघड आहेत. तिची पिशवी उचलून गाडीला अडकवणे, रिक्षावाल्याला परस्पर "जा" सांगणे, ती चालू लागल्यावर गाडी हळूहळू तिच्यासोबत चालवणे. येथे सौजन्य संपलेले असते, आणि तिनेही ते पाळण्याचे कारण उरत नाही. आत परत जाऊन पहारेकऱ्याच्या उजेडात उभे राहणे, मोठ्याने बोलणे, ११२ क्रमांक लावणे हे सारे योग्य आहे.

येथवर जे सांगितले ते शब्दांविषयी. पण शब्द कितीही नेमके असले तरी "मी रिक्षाने जाणार आहे" हे वाक्य खरे असण्यासाठी रिक्षा असावी लागते आणि तिचे भाडे परवडावे लागते. अर्थशास्त्रात सौद्याविषयी एक साधा सिद्धांत आहे. सौदा फिसकटला तर ज्याच्यापाशी दुसरी चांगली वाट आहे, तो सौद्यात ठाम राहतो. कामगाराला संपात ठाम राहता येते ते घरात चार महिन्यांचे धान्य असेल तर. सहकाऱ्याच्या गाडीला नकार देणाऱ्या स्त्रीचे तसेच आहे. तिच्या आवाजातील ठामपणा बऱ्याच अंशी बसच्या वेळापत्रकातून आणि पाकिटातील नोटांमधून येतो.

आता तिच्या हिशेबाकडे पाहू. पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दराप्रमाणे रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये. आठ किलोमीटरचे सुमारे १३५ रुपये होतात. मध्यरात्रीनंतर पाव पट जादा, म्हणजे १७० च्या आसपास. तिचा पगार अठरा हजार. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले तर तासाला ८६ रुपये पडतात. जादा कामाला दुप्पट दर कायद्याने मिळायला हवा, तो मिळालाच असे धरले तरी तीन तासांचे सुमारे ५२० रुपये. त्यांतले १३५ परतीच्या रिक्षात गेले. म्हणजे जादा कामाच्या मोबदल्याचा चौथा हिस्सा घरी पोचण्यातच संपतो. दहा रात्रींचे १,३५० रुपये होतात. ज्या घरात ही रक्कम मुलाच्या शिकवणीची किंवा गॅसच्या टाकीची असते, तेथे फुकट मिळणाऱ्या मोटारसायकलीला "नको" म्हणणे ही चैन वाटू लागते. आणि दुप्पट दर न देणारे मालक थोडे नाहीत. साध्या दराने २६० रुपयेच मिळाले तर रिक्षा निम्मी मिळकत खाते.

हे फुकट वाहन खरोखर फुकटही नसते. त्याची किंमत पैशात द्यावी लागत नाही, एवढाच फरक. ती उपकाराच्या खात्यावर चढते आणि केव्हा, कोणत्या रूपात फेडायची हे देणारा ठरवतो. कधी ते त्याचे राहिलेले काम करून देणे असते, कधी त्याच्या चुकीवर गप्प बसणे, कधी रोज त्याच्या वेळेनुसार निघणे. रिक्षाचे भाडे उतरताक्षणी संपते. म्हणूनच पुष्कळ स्त्रिया परवडत नसतानाही रिक्षा करतात. त्यांना अव्यवहारी म्हणणाऱ्याने दोन्ही किंमती मांडून पाहिलेल्या नसतात.

हा खर्च तिच्या पाकिटातून जावा, असे कायदाही म्हणत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ ने स्त्रियांना सकाळी सहा ते सायंकाळी सात याच वेळात कामाला परवानगी दिली होती. त्या बंदीने रात्रीचा प्रश्न मिटवला तो स्त्रियांना रात्रीच्या रोजगारातून वगळून. पुढे बंदी सैल झाली आणि तिच्या जागी अटी आल्या. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ च्या कलम १३ ने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवण्यासाठी तिची संमती आवश्यक केली. तिची प्रतिष्ठा व सुरक्षा राखणे आणि आस्थापनेपासून तिच्या घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय करणे ही जबाबदारी मालकावर टाकली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही रात्रीच्या कामाला स्त्रीची संमती आणि सुरक्षेच्या अटी घातल्या आहेत. मार्चअखेरीला पावणेअकरापर्यंत थांबणारी हिशेबनीस या तरतुदीत सरळ बसते. व्यवहारात काय होते? साहेब संध्याकाळी म्हणतात, "अमुक सोडतील तुम्हाला, त्यांच्याच बाजूला आहात." मालकाची कायदेशीर जबाबदारी अशा रीतीने सहकाऱ्याच्या सौजन्यावर ढकलली जाते. मालकाचे १३५ रुपये वाचतात. आणि नकार द्यायचा तो मालकाला असताना बिचारीला तो सहकाऱ्याला द्यावा लागतो.

मालकाने पाठवलेले वाहन आणि सहकाऱ्याचे स्वतःचे वाहन यांत आणखी एक फरक आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा १९९७ च्या विशाखा निकालातून आला. त्याने "कामाचे ठिकाण" या शब्दांत मालकाने कामानिमित्त पुरवलेल्या वाहनाचा स्पष्ट समावेश केला आहे. अशा वाहनात काही घडले तर अंतर्गत समितीकडे जाण्याची वाट सरळ आहे. सहकाऱ्याच्या खासगी मोटारसायकलवर घडले तर "हे कामाच्या ठिकाणी घडले का" यावरच वाद सुरू होण्याचा संभव असतो. मात्र नकारानंतर कार्यालयात जे घडते ते निःसंशय या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. वरिष्ठाने लैंगिक हेतूने आग्रह केला, आणि नकार मिळाल्यावर पाळ्या बदलल्या, अहवाल खराब लिहिला किंवा तशी धमकी दिली, तर त्याची तक्रार करता येते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. म्हणून नकार दिल्याची तारीख, वेळ, शब्द आणि त्या वेळी हजर असलेली माणसे हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवणे शहाणपणाचे.

मालकाचे वाहन म्हणजे सुरक्षितता, असा समजही पुण्याने महागात पडलेला पाहिला आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये येथील एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर, कंपनीसाठी कंत्राटाने चालणाऱ्या गाडीच्याच चालकाने साथीदारासह अत्याचार करून तिचा खून केला. ऑक्टोबर २००९ मध्ये खराडी भागातून कामावरून घरी निघालेल्या एका संगणक अभियंता स्त्रीला कंत्राटी गाडीच्या एका चालकाने सोडतो म्हणून गाडीत घेतले. तिच्याही वाट्याला तेच आले. त्या खटल्याचा सत्र न्यायालयातील निकाल लागायला २०१७ साल उजाडले. ही उदाहरणे बायकांना घाबरवण्यासाठी सांगायची नाहीत. सालस सहकारी आणि हे गुन्हेगार यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. त्यांतून घ्यायचा मुद्दा वेगळा आहे. केवळ परिसरात दिसणारे, कंपनीच्या कामाशी जोडलेले म्हणून ओळखीचे वाटणारे वाहन नाकारण्याची मुभा स्त्रीला हवी, आणि नाकारल्यावर रस्त्यावर उभे राहण्याची पाळी तिच्यावर येता कामा नये. वाहनाचा क्रमांक, चालकाचे नाव, सोबतचा पहारेकरी, निघाल्याची व पोचल्याची नोंद या गोष्टी मालकाने करायच्या आहेत, आणि त्या होतात की नाही हे युनियनने पाहायचे आहे.

अशीही रात्र येते की नकार परवडत नाही. पाऊस कोसळतो आहे, रिक्षा थांबत नाही, मोबाइलवरून मागवलेली रिक्षा दोनदा रद्द झाली आहे, आणि सहकारी समोर उभा आहे. अशा वेळी त्याच्यासोबत जाण्याचे तिने ठरवले तर तो तिचा व्यवहारी निर्णय होय. उद्या त्यावरून "तेव्हा आलात, आज का नाही?" असे विचारण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. एकदाचा होकार म्हणजे कायमचा पास नव्हे. सोबत जाताना तिसऱ्या माणसासमोर ते ठरावे, घरी गाडीचा क्रमांक कळवावा, हमरस्त्यानेच जावे आणि दाराशी नको तर कोपऱ्यावर उतरावे. सहकारी प्यायलेला असेल तर मात्र कोणताही पाऊस हे कारण होऊ शकत नाही.

शेवटी आपल्या स्वतःच्या दाराशी. पक्षाच्या आणि युनियनच्या बैठका साडेआठला म्हणून बोलावल्या जातात, सव्वानऊला सुरू होतात आणि ठराव यायला अकरा वाजतात. बाहेर पडताना कोणीतरी म्हणते, "ताईंना सोडा रे कोणीतरी." त्या "कोणीतरी"मध्ये मालकाची तीच युक्ती आहे: संघटनेची जबाबदारी एका कार्यकर्त्याच्या सौजन्यावर, आणि नकाराचे ओझे ताईंवर. ताई हळूहळू बैठकांना येईनाशा होतात. मग अहवालात लिहिले जाते की महिलांचा सहभाग कमी आहे.

यावर उपाय महागडा नाही. बैठकीच्या सूचनापत्रात विषयांसोबत समारोपाची वेळ छापावी आणि ती शेवटच्या बसच्या अर्धा तास आधीची ठेवावी. वेळ झाली की ठराव अर्धा असला तरी बैठक उठवावी. सहसा रात्री साडेदहानंतर कोणी नवे काही बोललेले नसते. शाखेच्या खर्चात परतीच्या रिक्षाची एक ओळ घालावी आणि ते पैसे न मागता द्यावेत, कारण मागावे लागले की तोही उपकार होतो. आणि पुरुष कार्यकर्त्यांनी विचारण्याची रीत बदलावी. "चला, सोडतो" याऐवजी "तुमचं जायचं कसं ठरलंय?" असे विचारावे. पहिल्या वाक्याला उत्तर म्हणून नकारच द्यावा लागतो. दुसऱ्याला नुसती माहिती दिली तरी पुरते. उत्तर "रिक्षाने" असे आले की विषय संपला असे समजावे. चहाचा आग्रह खुशाल करावा.